सत्तावीस नंबर: संदूक, रिकामी

वीस वर्षं मी लोकांचे संसार खोक्यांत भरून परदेशी पाठवते आहे, आणि वीस वर्षं एकच गोष्ट घसा कोरडा पडेपर्यंत सांगते आहे: सामानात खायचं काही ठेवायचं नाही. सुकामेवा नाही, लोणी नाही, दह्याचे वाळवलेले गोळे नाहीत आणि मांस तर मुळीच नाही. लोक माना डोलावतात. मग आमची पोरं खोकी बांधायला जातात तेव्हा उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं अर्धा किलो चीज सापडतं आणि घरची म्हातारी माझ्याकडे असं बघते, जणू मी तिच्या तोंडातला घास काढून घेतेय. मी अशा म्हाताऱ्यांना फाडफाड बोलले आहे. एकीला तर रडवलंय. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं ते मी केलं, आणि मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

आमची कंपनी लहान. अस्तानाच्या रेल्वे यार्डाशेजारी एक गोदाम, वर दोन खोल्यांचं ऑफिस, मालक ओराझ, मुकादम दाउलेत, त्याची सहा माणसं आणि मी. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन सामान मोजायचं, किती घनमीटर भरेल त्याचा अंदाज द्यायचा, यादी, विमा, कस्टमचे कागद, सगळं माझ्याकडे. ओराझ फक्त सही करतो आणि कोणी ओरडायला आलं की गायब होतो.

त्या वर्षी नोव्हेंबरात बोरोव्स्की म्हातारा-म्हातारी आले. विकेन्ती आणि गेन्या. कोक्शेताऊकडच्या एका खेड्यातले पोलिश. आईबापांना छत्तीस साली सोव्हिएत राजवटीनं मालगाडीत घालून आणलं आणि गवताळ माळावर सोडून दिलं. ही दोघं त्याच माळावर जन्मली. म्हातारा अठ्ठ्याहत्तरचा, जन्मभर सुतारकाम केलेला. आता पोलंड सरकारनं त्यांना परत यायचा व्हिसा दिला होता आणि लुब्लिनजवळच्या एका गावानं दोन खोल्यांचं घर. रिकामं घर, नुसत्या भिंती. ज्या देशात पाय ठेवला नाही त्या देशात 'परत' जायचं. विकेन्तीकाका हे हसत सांगायचे. गेन्याकाकू हसायची नाही. तिच्या कमरेच्या सांध्याचं ऑपरेशन झालेलं, गुडघेही गेलेले, आणि तिला बसलेलं उठायचं म्हणजे एक मोहीम असायची.

मी त्यांच्या खेड्यात गेले सामान बघायला. फारसं नव्हतं. शिलाई मशीन, भांडी, लोकरीची पांघरुणं, सुताराची हत्यारं, देवाच्या तसबिरी आणि पलंग. तो पलंग काकांनी काकूसाठी स्वतः केला होता. साध्या पलंगापेक्षा वीतभर उंच, डाव्या बाजूला धरायला लाकडी कठडा, गुळगुळीत घासलेला. काकू कठडा धरून, पाय सोडून, कोणाची मदत न घेता उठायची. मला उठून दाखवलं तिनं. म्हणाली, "ऑपरेशननंतर हा म्हणाला, तुला उचलायला मी नेहमी असेनच असं नाही. म्हणून केला."

काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, पलंग विमानानं पाठवता येईल का. मी हिशेब करून सांगितलेला आकडा त्यांच्या ऐपतीबाहेरचा होता. मग मी त्यांना नीट समजावलं. आख्खा कंटेनर तुमच्या सामानाला फार मोठा. तुमचं सगळं मिळून सहा घनमीटर. सामाईक कंटेनरमध्ये जागा घ्या, तीन कुटुंबांचं सामान एकत्र जाईल, मध्ये फळ्यांचे आडोसे, प्रत्येकाचे स्टिकर वेगळ्या रंगाचे, भाडं फक्त आपल्या जागेपुरतं. फक्त एक अट: कंटेनर भरल्याशिवाय निघत नाही आणि तिघांचे कागद पास झाल्याशिवाय सुटत नाही. ही अट मी सांगितली. अगदी सरळ सांगितली. आणि त्यावर, आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते, मी पुढे म्हणाले, "काळजी करू नका काका. पलंग मी सगळ्यात शेवटी चढवते, दाराशी. म्हणजे तिकडे सगळ्यात आधी उतरेल. नाताळच्या आधी काकू आपल्या पलंगावर झोपलेली असेल."

त्यांना नाताळची आदली संध्याकाळ त्या घरात, स्वतःच्या टेबलावर करायची होती. अठरा डिसेंबरची विमानाची तिकिटं काढली. मी म्हणू शकले असते की जानेवारीत जा. पण मी तसं म्हटलं नाही.

कागदांचं काम मी जीव लावून केलं, हे मात्र कोणालाही विचारा. एकेचाळीस वस्तूंची यादी, नंबरवार, प्रत्येकीपुढे वापरलेली आहे, केव्हाची आहे, कुठे ओरखडा, कुठे पोपडा. एक प्रत रशियनमध्ये आमच्यासाठी, दोन पोलिशमध्ये कस्टमसाठी. व्हिसाच्या प्रती, वर्षानुवर्षं इथेच राहत होते याचा दाखला, तिकडच्या घराचा दाखला, आणि ते प्रतिज्ञापत्र: सामान सहा महिन्यांहून जास्त आमच्या वापरातलं आहे, वर्षभर विकणार नाही, यात दारू, तंबाखू, अन्नपदार्थ नाहीत. विम्यासाठी प्रत्येक वस्तूची किंमत लिहायची होती. काकांनी पलंगापुढे शून्य लिहिलं, कारण लाकूड गावचं आणि मेहनत घरची. मी खोडून तसाच पलंग नवा करून घ्यायला काय पडेल ते लिहिलं. भांडी काकूनं स्वतः भरायचा हट्ट धरला होता, तो मी मोडून काढला. तुम्ही भरलेल्या खोक्यात फुटलं तर विमा हात वर करतो, म्हटलं, आमच्या माणसांना भरू द्या. आणि विम्यात काय बसत नाही तेही वाचून दाखवलं: उशीर, सरकारी जप्ती, लढाई. काका म्हणाले, "लढाई सोडली तर बाकी चालेल."

सामाईक कंटेनरमधला दुसरा वाटा पोलिश कंपनीच्या एका मॅनेजरचा. तिसरा माझ्या मुलीचा.

अक्मारल माझी एकुलती एक. नवरा रादेक पोलिश, इथल्या बांधकामावर इंजिनियर होता. चांगला माणूस आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत मला. त्याचं काम संपलं, तो घरी परत निघाला आणि त्याच्याबरोबर ती. चार वर्षांत तिची दोन बाळं पोटातच गेली. दुसऱ्या वेळी सातवा महिना होता. त्यानंतर ती कमी बोलायला लागली. इथून जाऊ, इथल्या भिंती नकोत, असं तीच म्हणाली. आईला असं ऐकून काय वाटतं ते मी तिला कधी बोलले नाही.

तिच्या सामानात आमची संदूक होती. माझ्या आजीची, मग आईची, मग माझी. लाकडाची, वर पत्र्याची नक्षी. लग्नात मुलीबरोबर द्यायची ही संदूक. आम्हा कझाकांत ती रिकामी देत नाहीत. संदूक काय, साधी वाटीसुद्धा शेजारणीला रिकामी परत करत नाहीत. रिकामी संदूक गेली तर पोरीचं घर रिकामं राहतं, असं आमच्या बायका म्हणतात. मी शिकलेली बाई आहे, कस्टमच्या नियमांचं पुस्तक मला तोंडपाठ आहे. पण दोन बाळं गेलेल्या माझ्या पोरीची संदूक रिकामी चालली होती.

मी तिला म्हटलं, पांघरुणं तरी घाल. ती म्हणाली, नको आई, लाकूड जुनं आहे, वजनानं तळ सुटेल, दाउलेतदादानंच सांगितलंय. खरंच सांगितलं होतं त्यानं. मीही त्या जागी तेच सांगितलं असतं. यादीत लिहिलं गेलं: निळा स्टिकर, नंबर सत्तावीस, लाकडी संदूक, नक्षीची, जुनी, रिकामी. दाउलेतनं झाकण उघडून बघितलं, मग कागद आणि जाड पांघरूण गुंडाळलं. पोरीनं प्रत्येक पानावर सही केली. प्रतिज्ञापत्रावरही.

डिसेंबरचा पहिला आठवडा. घरोघर हिवाळ्याच्या बेगमीसाठी घोडं कापायचे दिवस. माझ्या भावानं माझा वाटा पाठवला होता. त्यातली कझी मी निवडून ठेवली. बरगडीचं मांस मीठ-लसूण लावून आतड्यात भरतात, वाळवतात, ती. चार किलो. अक्मारलला लहानपणापासून तीच आवडते. कंटेनर भरायचा त्या दिवशी सकाळी मी माणसांच्या आधी गोदामात गेले. बाहेर उणे अठ्ठावीस. संदुकीच्या पांघरुणाची चिकटपट्टी एका बाजूनं सोडवली, झाकण वर केलं, फडक्यात बांधलेली कझी आत ठेवली, मूठभर साखरेच्या गोळ्या टाकल्या, पुटपुटले काहीतरी, आणि पट्टी पुन्हा लावली. माझा हात सराईत आहे, पट्टी उघडली होती हे कळलंही नसतं. भीती वाटली का? नाही. अगदी खरं सांगायचं तर हलकं वाटलं. इतक्या थंडीत मांस खराब होत नाही, आणि शंभर कंटेनरांतला एखादाच उघडतात, एवढाच विचार केला. त्याच कंटेनरात बोरोव्स्कींचा पलंग चढायचा होता, तो विचार मनाला शिवलाही नाही.

दुपारी पलंगाचे चार भाग मी स्वतः उभी राहून दाराशी लावून घेतले. सील लावलं, नंबर लिहून घेतला, काकांना फोन केला. ते म्हणाले, "पोरी, तुझे उपकार."

बावीस डिसेंबरला पोलंडच्या आमच्या एजंटचा निरोप आला. सीमेवर कंटेनर क्ष-किरण मशीनखालून काढला, नंबर सत्तावीस, कागदावर रिकामी, आत काहीतरी दिसलं. उघडली. चार किलो मांस, न सांगितलेलं. बाहेरच्या देशातून तिकडे मांस न्यायला सक्त बंदी आहे. आता पशुवैद्य अधिकारी येणार, मांस नष्ट करणार आणि खोटी यादी दिली म्हणून आख्ख्या कंटेनरचं एकेक खोकं तपासणार. त्यात नाताळच्या सुट्ट्या.

मी तो निरोप तीनदा वाचला. दाउलेत चहा घेऊन आला होता, त्यालाही वाचून दाखवला. त्यानं पेला खाली ठेवला.

"मी झाकण लावलं तेव्हा रिकामी होती, ताई," तो म्हणाला.

मी मान वर केली नाही. तो निघून गेला. त्यानं पुन्हा कधी तो विषय काढला नाही, आणि माझ्या हातचा चहाही घेतला नाही.

ओराझ मात्र थयथयाट करत आला. कोणी ठेवलं, कोणाची सही, परवाना जाईल, तुझ्याच मुलीचं सामान, वगैरे. मी तोंड उघडणार तोच अक्मारलचा फोन आला. ती रादेकबरोबर पोलंडला पोचली होती आणि तिकडच्या कस्टमनं तिला आधीच बोलावलं होतं. "आई, मी लिहून दिलंय की मीच ठेवलं," ती म्हणाली. "दंड भरते. तू काही बोलू नकोस, तुझी नोकरी जाईल." मग म्हणाली, "मी तुला रिकामी ठेव म्हटलं होतं." तिच्या आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं. मी ओराझला म्हटलं, पोरीनं ठेवलं, कबूल केलंय. तो निवळला. लेकीच्या सहीमागे लपून मी माझी खुर्ची वाचवली, हे मी त्याच क्षणी जाणून होते.

विकेन्तीकाकांना फोन करायचं कामही माझंच. त्यांच्या नव्या घरात चर्चनं दिलेल्या दोन घडीच्या खाटा होत्या, एक टेबल, दोन खुर्च्या. खाट गुडघ्याएवढी. काकू त्यावरून उठू शकत नव्हती. काकांना काखेत हात घालून उचलावं लागायचं, आणि त्यांची स्वतःची पाठ काय ते देवालाच ठाऊक. मी सांगितलं, दुसऱ्या एका कुटुंबाच्या सामानात अडचण निघाली आहे, दोन-तीन दिवस लागतील. मी 'दुसरं एक कुटुंब' म्हणाले. माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही.

त्यांनी विचारलं, निदान पलंग आधी सोडवता येईल का, तो तर दाराशीच आहे ना. मी एजंटच्या मागे लागले. त्यानं सांगितलं, कागद वेगळे असले तरी कंटेनर एकच, तपासणी संपेपर्यंत एक खिळा बाहेर येणार नाही. मी पुन्हा काकांना म्हटलं, दोन-तीन दिवस. मग नाताळ. मग नववर्ष. दर फोनला दोन-तीन दिवस. एकदा त्यांनी विचारलं, इथे दुकानात पलंग मिळतात, घेऊ का, पैसे विम्यातून मिळतील का? मी खरं ते सांगितलं, उशीर विम्यात बसत नाही. आणि वर, कशाला घेता काका, आता सुटेलच. त्यांनी घेतला नाही. माझ्या शब्दावर थांबले. गावच्या कचेरीनं सुट्ट्यांनंतर पलंग देतो म्हटलं होतं, त्यालाही ते नको म्हणाले, आमचा येतोय, दुसऱ्या कोणाला द्या.

काकांनी मग आपलं डोकं चालवलं. हत्यारं तर कंटेनरात. शेजाऱ्याकडून विटा आणल्या, खाटेच्या पायांखाली रचल्या, उंची वीतभर वाढवली. मला फोनवर सांगितलं, जमलंय, काकू एकटी उठली. मी खूश झाले. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, सुतार तो सुतारच.

नऊ जानेवारीला सकाळी काका दूध आणायला गेले होते. काकू उठायला गेली. कठडा नव्हता, म्हणून खाटेच्या कडेला हात टेकला. एका बाजूच्या विटा सरकल्या. ते परत आले तेव्हा ती फरशीवर होती आणि खाट तिच्या अंगावर. मांडीचं हाड, ऑपरेशन झालेल्या सांध्याच्या खालीच.

हे मला त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. आवाज नेहमीसारखाच. मला म्हणाले, तू घाबरू नकोस, डॉक्टर चांगले आहेत, फक्त भाषा कळत नाही. घरी बोललेली पोलिश आणि इथली पोलिश वेगळी पडते. मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. मग उठले आणि एजंटला इतकं घालून पाडून बोलले की त्यानं फोन आपटला. बिचाऱ्याचा काय दोष? शिव्या कोणाला द्यायच्या होत्या ते मला माहीत होतं.

त्यानंतरचे दिवस मी वेड्यासारखी कागद पाठवत राहिले. दाखले, डॉक्टरांची चिठ्ठी, विनंतीअर्ज, पोलिश वकिलातीतल्या बाईचं पत्र. सामानाला कागदांनी पाय फुटत नाहीत. तिकडे एका रांगेतून दुसऱ्या रांगेत सगळं आपल्या चालीनं चाललं होतं, आणि त्या लोकांचं काही चुकतही नव्हतं. खोटी यादी आली तर ते उघडणारच. मी त्यांच्या जागी असते तर मीही उघडलं असतं.

गेन्याकाकू एकवीस जानेवारीला दवाखान्यातच वारली. पडून पडून छातीत पाणी झालं. काकांनी मला कळवलं नाही. वकिलातीतल्या बाईनं कळवलं. मी अक्मारलला सांगायला फोन उचलला आणि ठेवून दिला. तिनं माझं एक ओझं आधीच उचललं होतं.

एकोणतीसला कंटेनर सुटला. एकतीसला दुपारी माझा फोन वाजला. विकेन्तीकाका. दाराशी ट्रक उभा होता. तिकडच्या हमालांच्या हातातली यादी पोलिशमध्ये, बारीक छपाईची, काकांना नीट वाचता येईना. माझ्याकडे रशियन प्रत होती. ते म्हणाले, मी स्टिकरवरचा नंबर वाचतो, तू त्यात काय ते सांग, म्हणजे मी खूण करतो. नेहमीचीच पद्धत आहे ही, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांशी मी शेकडो वेळा असं केलंय. फाइल काढली. पिवळे स्टिकर, एक ते एकेचाळीस.

"एक," ते म्हणाले.

"भांडी. खोकं."

"आहे. धड आहे."

असं चाललं. शिलाई मशीन, आहे. पांघरुणं, आहेत. मध्ये मी काकूबद्दल काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, त्यांनी नुसतं हं केलं आणि पुढचा नंबर वाचला. तेरा झाले.

"चौदा," ते म्हणाले. मग लगेच, "हा मला माहीत आहे."

मी तरी वाचलं, कारण वाचायचं असतं. "पलंग, लाकडी, उंच, चार भागांत, कठड्यासह."

मागे हमाल बोलत होते, दार आपटलं. मग ते म्हणाले, "चारही भाग आहेत. एक ओरखडा नाही. तू नीट बांधून पाठवलंस, पोरी." आणि मग, अगदी सहज, "ते सामान कोणाचं होतं गं? एजंट म्हणाला, कागदावर मुलीनं कबूल केलंय, पण मांस तिच्या कझाक आईनंच ठेवलं असणार. गेन्याला सांगितलं मी दवाखान्यात. ती म्हणाली, त्या बाईला शिव्या देऊ नकोस, आपल्याला मूल असतं तर मीही ठेवलं असतं."

त्यांना मूल नव्हतं. हे मला माहीत होतं, फॉर्ममध्ये लिहिलेलं होतं.

मी गप्प बसू शकले असते. पोरीची सही होती, प्रकरण बंद झालं होतं, ओराझ शेजारच्या खोलीत होता. पण माझ्यानं राहवेना. इतके दिवस 'दुसरं कुटुंब, दुसरं कुटुंब' म्हणत त्या माणसाला थांबवून ठेवलं होतं.

"काका," मी म्हटलं, "ती बाई मी. संदूक माझ्या मुलीची. मांस मी ठेवलं. मला सगळे नियम माहीत होते आणि मी ठेवलं."

मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वाटलं, फोन ठेवतील. एका हमालानं काहीतरी विचारलं, त्याला ते पोलिशमध्ये काहीतरी म्हणाले.

"पंधरा," ते म्हणाले.

मला अक्षरं दिसेनात. ते थांबले. घाई केली नाही, मदतही केली नाही. डोळे पुसून मी वाचलं, "रंधे आणि पटाशी, पेटीत."

"आहे. सोळा."

सोळा, सतरा, अठरा. काकूचे कोट एकवीस नंबरला होते, तिच्या लोकरीच्या टोप्या बावीसला. मी वाचत गेले, ते आहे म्हणत गेले. त्या एका शब्दाशिवाय ते काही बोलले नाहीत, आणि पोरी हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा निघाला नाही. एकेचाळीसपर्यंत. मग हमालानं सहीसाठी कागद पुढे केला असावा, कारण ते म्हणाले, "इथे एक रकाना आहे. मोठा. हा कशाचा?"

"नुकसानीचा," मी म्हटलं. "प्रवासात काही तुटलं-फुटलं असेल तर तिथे लिहायचं. विम्यासाठी. नसेल तर कोरा ठेवून सही करायची."

कागदाचा आवाज आला. पेन आपटून शाई उतरवल्याचा आला.

"काही तुटलं नाही," विकेन्तीकाका म्हणाले, आणि फोन ठेवला.